कोणता कार्बन कोणाशी जुळणार?

१९०६ साली जर्मनीत आल्ब्रेख्त नावाच्या रसायनज्ञाने सायक्लोपेंटाडाईन आणि बेंझोक्विनोन हे दोन पदार्थ एकत्र केले. सुंदर स्फटिक मिळाले. त्यांची रचना त्याने कागदावर मांडली, पण ती चुकीची होती. बावीस वर्षांनी, १९२८ मध्ये, कील विद्यापीठातल्या ओटो डील्स आणि त्यांचा शिष्य कुर्ट आल्डर यांनी तेच स्फटिक पुन्हा तपासले आणि बरोबर रचना मांडली. दोन पदार्थ जुळून सहा कार्बनांचे एक नवे कडे तयार होते, आणि हे एका जोडीपुरते नसून डाईन जातीच्या असंख्य पदार्थांना लागू पडते, हे त्यांनी दाखवून दिले. १९५० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना याच कामासाठी मिळाले. आज ही अभिक्रिया डील्स-आल्डर या जोडनावानेच ओळखली जाते.

मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते असे, की हाती फक्त दोन कच्च्या मालांची नावे असली तरी तयार होणाऱ्या कड्याचे चित्र आधीच काढता येते. कोणता कार्बन कोणाला जोडला जाईल, दुहेरी बंध कुठे सरकेल, कड्याला लटकणारे गट शेजारी येतील की समोरासमोर, एकाच अंगाला राहतील की विरुद्ध, हे सगळे प्रयोगाआधी सांगता येते. नेहमी नाही, पण बहुतेक वेळा. आणि कधी फसेल याचाही अंदाज बांधता येतो. ते कसे, हे एक-दोन जोड्या हाती घेऊन पाहू.

आधी नुसते कडे पाहू. डाईन म्हणजे दोन दुहेरी बंध असलेला रेणू. आपल्याला हवे ते डाईन असे, की त्या दोन दुहेरी बंधांच्या मध्ये नेमका एकच एकेरी बंध आहे. सर्वांत साधे उदाहरण ब्युटाडाईनचे:

CH₂=CH–CH=CH₂

डावीकडून या कार्बनांना १, २, ३, ४ असे क्रमांक देऊ. समोर येतो तो अल्कीन, म्हणजे एक दुहेरी बंध असलेला रेणू. त्याच्या दोन कार्बनांना क आणि ख म्हणू. अभिक्रिया होताना १ आणि ४ ही डाईनची टोके अल्कीनच्या दोन कार्बनांना जोडली जातात. डाईनमधले दोन्ही दुहेरी बंध एकेरी होतात, अल्कीनचाही होतो, आणि पूर्वी जिथे एकेरी बंध होता त्या २ आणि ३ च्या मध्ये नवा दुहेरी बंध उभा राहतो. चार अधिक दोन असे सहा कार्बनांचे कडे बंद होते. मधे कोणतेही टप्पे नाहीत, कोणताही अर्धवट रेणू तयार होऊन थांबत नाही; सगळे एकाच हालचालीत घडते. परीक्षेत पहिली चूक इथेच होते. कडे बरोबर काढले जाते, पण दुहेरी बंध जुन्याच जागी राहतो. तो २ आणि ३ च्या मध्येच असला पाहिजे, एवढे लक्षात ठेवले की अर्धे काम झाले.

पण डाईन नुसते असून भागत नाही, ते वाकलेले असावे लागते. मधल्या एकेरी बंधाभोवती रेणू फिरू शकतो. लांब पसरलेल्या स्थितीत १ आणि ४ ही टोके एकमेकांपासून दूर तोंड करून असतात. दोन्ही हातांनी हंडा उचलायचा तर दोन्ही हात एकाच बाजूला यायला हवेत. तसेच इथे दोन्ही टोके एकाच बाजूला वळलेली हवीत. ब्युटाडाईनचे बहुतेक रेणू कोणत्याही क्षणी पसरलेले असतात, थोडेच वाकलेले. सायक्लोपेंटाडाईनमध्ये मात्र पाच कार्बनांच्या कड्याने ही टोके कायमचीच वाकवून धरलेली असतात. म्हणून ते इतके अधीर असते, की बाटलीत एकटे ठेवले तरी स्वतःच्याच जातभाईशी जुळते. विकत मिळते ते जुळलेले जोडपेच. प्रयोगाआधी ते सुमारे १७० अंशांना तापवून फोडावे लागते, सुमारे ४१ अंशांना उकळणारे ताजे सायक्लोपेंटाडाईन वेगळे ऊर्ध्वपातित करावे लागते, आणि बर्फात ठेवून लवकर वापरावे लागते.

याच कारणाने काही डाईन साफ नकार देतात. १,३-पेंटाडाईनचे दोन प्रकार आहेत. एकात टोकाचा मिथाइल गट बाहेरच्या बाजूला असतो, दुसऱ्यात आतल्या बाजूला. दुसरा प्रकार वाकायला गेला की तो मिथाइल गट पलीकडच्या टोकावरील हायड्रोजनवर आदळतो. त्यामुळे मॅलेइक ॲनहायड्राइडसमोर पहिला प्रकार सहज जुळतो आणि दुसरा जवळजवळ तसाच पडून राहतो. मिश्रणातून हे दोन प्रकार वेगळे करायला रसायनज्ञांनी हीच युक्ती वापरली आहे. तेव्हा कागदावर डाईन काढताना ते वाकवून काढावे, आणि वाकवताना आत काय अडते ते पाहावे. अडत असेल तर पुढचे भाकीत करण्याआधी थांबावे.

आता लटकणाऱ्या गटांकडे येऊ. इथे विषयाची खरी मजा आहे.

साधे ब्युटाडाईन आणि साधे एथिलीन एकमेकांना फारसे दाद देत नाहीत. त्यांना जुळवायला भरपूर उष्णता आणि प्रचंड दाब लागतो. पण एथिलीनला इलेक्ट्रॉन ओढणारा गट जोडा, उदाहरणार्थ एस्टर, अल्डिहाइड किंवा सायनाइड, आणि डाईनला इलेक्ट्रॉन देणारा गट जोडा, म्हणजे मिथाइल किंवा मेथॉक्सी, की तीच अभिक्रिया साध्या तापमानापर्यंत खाली येते. डाईनच्या बाजूला इलेक्ट्रॉन जास्त, अल्कीनच्या बाजूला कमी. देवाणघेवाण सोपी होते. काही जोड्यांत उलटेही चालते, अल्कीन देतो आणि डाईन घेतो, पण प्रयोगशाळेत रोज दिसते ती पहिली तऱ्हा.

हे गट फक्त वेग ठरवत नाहीत, दिशाही ठरवतात. उदाहरण म्हणून आयसोप्रीन आणि मिथाइल ॲक्रिलेट घेऊ. आयसोप्रीन म्हणजे दुसऱ्या कार्बनवर मिथाइल असलेले ब्युटाडाईन. नैसर्गिक रबराची साखळी याच घडणीच्या तुकड्यांची असते. मिथाइल ॲक्रिलेटमध्ये एका कार्बनवर एस्टर आहे, दुसरा मोकळा आहे.

आयसोप्रीन: CH₂=C(CH₃)–CH=CH₂

मिथाइल ॲक्रिलेट: CH₂=CH–COOCH₃

एस्टर लटकतो त्या कार्बनला क म्हणू, मोकळ्या CH₂ ला ख. आता दोन शक्यता आहेत. एक, डाईनचा १ ख ला जुळेल आणि ४ क ला. दोन, १ क ला जुळेल आणि ४ ख ला. कडे दोन्हीकडे सहाचेच, सूत्रही तेच, पण पदार्थ वेगळे.

निवड करायची युक्ती अशी. दोन्ही बंध एकाच हालचालीत तयार होतात हे खरे, पण दोन्ही सारख्याच वेगाने नाही. एक थोडी आघाडी घेतो. आघाडी कोणता बंध घेईल, हे विचारायचे. त्यासाठी क्षणभर कल्पना करायची की तो बंध अर्धा जुळला आहे, दुसरा अजून नाही. अशा वेळी डाईनकडून इलेक्ट्रॉन गेलेले असतात, म्हणून डाईनवर इलेक्ट्रॉनांची तूट येते. अल्कीनवर इलेक्ट्रॉन साचतात. ही तूट आणि ही साठवण कुठे सर्वांत सुसह्य होईल, ते पाहायचे.

अल्कीनचे उत्तर सोपे आहे. ख ने आघाडी घेतली तर जादा इलेक्ट्रॉन क वर साचतात, आणि क च्या शेजारीच एस्टरचा ऑक्सिजन आहे, तो ते आपल्याकडे ओढून घेतो. क ने आघाडी घेतली तर जादा इलेक्ट्रॉन ख वर अडकतात, तिथे कोणी वाली नाही. म्हणून ख पुढे.

डाईनकडे १ ने आघाडी घेतली तर तूट २ आणि ४ या कार्बनांवर वाटली जाते. २ वर मिथाइल आहे. मिथाइल इलेक्ट्रॉन देऊन ती तूट काहीशी भरून काढतो. ४ ने आघाडी घेतली तर तूट ३ आणि १ वर येते. मिथाइल मधल्या २ वर बसलेला, त्याची मदत पोहोचत नाही. म्हणून १ पुढे.

दोन्ही पुढारी एकमेकांना जुळतात, १ आणि ख. मग उरलेले ४ आणि क आपोआप जुळतात. आता कड्याभोवती फिरून मोजा: १, मग मिथाइलवाला २, मग ३, मग ४, मग एस्टरवाला क, मग ख, आणि परत १. मिथाइल आणि एस्टर यांच्यामध्ये एका बाजूने ३ आणि ४ असे दोन कार्बन, दुसऱ्या बाजूने १ आणि ख असे दोन. म्हणजे दोघे कड्यावर अगदी समोरासमोर. बेंझीनच्या भाषेत याला पॅरा म्हणतात. कडे बेंझीनचे नसले तरी रसायनज्ञ सवयीने हाच शब्द वापरतात. पदार्थाचे पूर्ण नाव मिथाइल ४-मिथाइलसायक्लोहेक्स-३-ईन-१-कार्बॉक्सिलेट. दुसरी शक्यता खरी ठरली असती तर दोघांमध्ये एकच कार्बन राहिला असता, म्हणजे मेटा.

प्रत्यक्षात काय मिळते? सुमारे १२० अंशांना नुसते तापवले तर पॅरा आणि मेटा यांचे मिश्रण सुमारे ७० ला ३० या प्रमाणात मिळते. भाकिताची दिशा बरोबर, पण वजन हलके. कारण मिथाइल हा इलेक्ट्रॉन देणारा गट असला तरी दुबळा आहे, त्याची ओढ थोडीच कमी-जास्त होते. आता याच मिश्रणात ॲल्युमिनियम क्लोराइड घाला. ते एस्टरच्या ऑक्सिजनला चिकटते आणि त्याची इलेक्ट्रॉन ओढण्याची ताकद वाढवते. मग अभिक्रिया खोलीच्या तापमानाला होते आणि प्रमाण सुमारे ९५ ला ५ वर जाते. वेग वाढला की निवड ढिली पडते, असे रसायनशास्त्रात बऱ्याचदा घडते. इथे वेग आणि निवड दोन्ही एकदम सुधारतात, कारण दोन्हींचे मूळ एकच आहे: क आणि ख यांच्यातला फरक वाढला.

वेगाचा पल्ला किती, ते १९६० मध्ये येट्स आणि ईटन यांनी दाखवले. अँथ्रासीन आणि मॅलेइक ॲनहायड्राइड यांची अभिक्रिया ॲल्युमिनियम क्लोराइडशिवाय खोलीच्या तापमानाला जवळपास पुरी व्हायला त्यांच्या हिशेबाने हजारो तास लागले असते. ते घातल्यावर दीड मिनिटात झाली.

मिश्रणात पॅरा किती आणि मेटा किती, हे आज गॅस क्रोमॅटोग्राफ सांगतो. पण ती यंत्रे नव्हती तेव्हाची पद्धत मला फार आवडते. एस्टरचे आम्ल करायचे, मग कड्यातले जादा हायड्रोजन काढून टाकून त्याचे बेंझीनचे कडे करायचे. समोरासमोर गट असलेल्या कड्यापासून पॅरा-टोल्युइक आम्ल मिळते, ते सुमारे १८० अंशांना वितळते. एका कार्बनाच्या अंतरावर गट असलेल्यापासून मेटा-टोल्युइक आम्ल मिळते, ते सुमारे ११० अंशांना. दोन्ही ओळखीचे जुने पदार्थ. सहा कार्बनांच्या नव्या कड्यावर कोण कुठे बसला, हे वितळणबिंदूच्या नळीत दिसून यायचे.

डाईनवरचा गट दुसऱ्याऐवजी पहिल्या कार्बनवर आला तर काय होते? इथे १-मेथॉक्सीब्युटाडाईन आणि ॲक्रोलीन घेऊ. ॲक्रोलीन म्हणजे एस्टरच्या जागी अल्डिहाइड असलेला तोच रेणू, CH₂=CH–CHO. क वर अल्डिहाइड, ख मोकळा, म्हणून पुन्हा ख पुढे. डाईनमध्ये ४ ने आघाडी घेतली तर तूट ३ आणि १ वर येते, आणि १ वर मेथॉक्सीचा ऑक्सिजन आहे. त्याच्याकडे द्यायला मोकळी इलेक्ट्रॉनजोडी आहे. १ ने आघाडी घेतली तर तूट २ आणि ४ वर येते, तिथवर ऑक्सिजनची मदत जात नाही. म्हणून ४ पुढे. ४ ला ख, १ ला क. मेथॉक्सी आणि अल्डिहाइड शेजारी-शेजारी येतात. यालाच बेंझीनच्या भाषेत ऑर्थो म्हणतात. मेथॉक्सी हा मिथाइलपेक्षा कितीतरी जोरकस दाता असल्याने इथे मिश्रणाचा प्रश्न जवळजवळ उरत नाही.

डाईनच्या टोकावर दाता असेल तर गट शेजारी, आतल्या कार्बनवर असेल तर समोरासमोर, हे पाठ करता येते आणि बहुतेक जण पाठच करतात. तरी प्रत्येक वेळी एक बंध अर्धा जोडून पाहावा असे मी सुचवेन. डाईनवर दोन गट असले आणि ते दोन वेगळ्या दिशांना ढकलत असले, की पाठ केलेला नियम गप्प बसतो, पण अर्धा बंध कोणाचा जोर जास्त ते सांगतो.

शेजारी-शेजारी आलेले दोन गट कड्याच्या एकाच अंगाला असतील की एक वर, एक खाली? इथे दोन वेगळी तत्त्वे काम करतात आणि त्यांची गल्लत करू नये.

पहिले तत्त्व पक्के आहे. अल्कीनचे दोन्ही कार्बन डाईनच्या एकाच बाजूने एकाच वेळी जुळतात, म्हणून अल्कीनवरचे गट मूळ रेणूत जसे होते तसेच राहतात. मॅलेइक आम्लाच्या एस्टरमध्ये दोन्ही एस्टर गट एकाच अंगाला असतात. कड्यातही ते एकाच अंगाला येतात. फ्युमरिक आम्लाच्या एस्टरमध्ये ते विरुद्ध असतात, कड्यातही विरुद्ध. इथे ७० ला ३० वगैरे भानगड नाही. दोन्हींचे मिश्रण दिसले तर समजावे, की कच्चा माल शुद्ध नव्हता, किंवा नंतर काहीतरी उलटले, किंवा ही मुळात डील्स-आल्डर नव्हतीच, एकेक बंध सावकाश जोडणारी दुसरी एखादी वाट होती.

दुसरे तत्त्व कल सांगते, सक्ती नाही. अल्कीन डाईनच्या खालून येताना त्याचा अल्डिहाइड किंवा एस्टर गट दोन तऱ्हांनी असू शकतो: डाईनच्या पोटाखाली शिरलेला, किंवा बाहेर लोंबणारा. पहिल्याला एंडो म्हणतात, दुसऱ्याला एक्झो. गर्दी पाहता बाहेर राहणे सोयीचे वाटते, पण बहुधा एंडोच जिंकतो. पोटाखाली शिरलेल्या गटाचे इलेक्ट्रॉन आणि डाईनच्या मधल्या कार्बनांचे इलेक्ट्रॉन यांचे दुय्यम आकर्षण हे त्याचे नेहमी दिले जाणारे कारण. ते कारण एकटेच पुरेसे आहे का, यावर अजून वाद आहेत. कल मात्र निर्विवाद आहे.

आता १-मेथॉक्सीब्युटाडाईनकडे परत येऊ. त्याच्या नेहमीच्या प्रकारात मेथॉक्सी बाहेरच्या बाजूला असतो. कडे बंद होताना डाईनच्या टोकांवरचे आतले गट एका अंगाला वळतात आणि बाहेरचे गट दुसऱ्या. एंडो गट बाहेरच्या गटांच्या अंगाला येतो. म्हणून बाहेरचा मेथॉक्सी आणि एंडो अल्डिहाइड एकाच अंगाला, म्हणजे सिस. भाकीत पूर्ण झाले: सहाचे कडे, मेथॉक्सी आणि अल्डिहाइड शेजारी, दोघे एकाच अंगाला, आणि दुहेरी बंध मेथॉक्सीवाल्या कार्बनाच्या लगत, जुन्या २ आणि ३ च्या मध्ये. एवढेच जोडायचे, की अल्कीन वरून आला काय आणि खालून आला काय, दोन्ही सारखेच शक्य असल्याने हा पदार्थ आणि त्याची आरशातली प्रतिमा समसमान मिळतात. एकच हवी असेल तर वेगळी तजवीज करावी लागते.

एंडोचा कल किती बळकट असेल हे द्रावकावरही अवलंबून असते. १९८० मध्ये अमेरिकेत ब्रेस्लो आणि राइडआउट यांनी सायक्लोपेंटाडाईन आणि मिथाइल व्हिनाइल कीटोन यांची अभिक्रिया चक्क पाण्यात केली. हायड्रोकार्बन द्रावकाच्या तुलनेत ती सातशे पटींहून अधिक वेगाने झाली. पुढे ब्रेस्लो यांनी एंडो-एक्झोचे प्रमाणही मोजले: द्रावकाशिवाय ते चारास एकच्या आसपास होते, पाण्यात वीसास एकच्या वर गेले. हे दोन्ही रेणू पाण्यापासून अंग चोरतात, त्यामुळे एकमेकांना अधिक घट्ट चिकटतात, आणि एंडो मांडणी सर्वांत आटोपशीर असते.

भाकीत फसते ते कुठे? माझ्या मते सर्वांत शिकवणारे उदाहरण फ्युरानचे. फ्युरान हे पाच जणांचे कडे, चार कार्बन आणि एक ऑक्सिजन, त्यात डाईन कायम वाकलेले. ते मॅलेइक ॲनहायड्राइडबरोबर खोलीच्या तापमानालाच जुळते. एंडोचा नियम लावला तर एंडो पदार्थ हाती यायला हवा. बाटलीत मिळतो तो एक्झो.

नियम खोटा नाही. तो फक्त घाईचा हिशेब सांगतो. कोणता पदार्थ आधी आणि लवकर तयार होतो, एवढेच त्यात असते. फ्युरान हे स्वतः बेंझीनसारखे सुगंधी कडे आहे आणि त्याला मोडलेले स्थैर्य परत हवे असते. म्हणून जुळलेले रेणू पुन्हा सुटतात, पुन्हा जुळतात, पुन्हा सुटतात. एंडो लवकर तयार होतो तसा लवकर सुटतोही. या येरझाऱ्यांत हळूहळू माल जास्त स्थिर अशा एक्झोकडे जमत जातो आणि शेवटी तोच स्फटिक होऊन बाहेर पडतो. सायक्लोपेंटाडाईनचा मॅलेइक ॲनहायड्राइडशी झालेला एंडो पदार्थ साध्या तापमानाला असा सुटत नाही, म्हणून तिथे पहिलाच निकाल कायम राहतो. तेव्हा भाकीत करताना हेही विचारावे, की ही अभिक्रिया या तापमानाला उलटी फिरते का? फिरत असेल तर लवकर काय बनते यापेक्षा टिकाऊ काय आहे ते महत्त्वाचे.

हाती एंडो आला की एक्झो, हे एनएमआर यंत्रावर लगेच कळते. पुलाच्या टोकाचा हायड्रोजन आणि शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन यांच्यातला कोन एक्झो पदार्थात जवळजवळ काटकोनाचा असतो, आणि अशा कोनात त्यांची एकमेकांवर छाप पडत नाही. म्हणून फ्युरानच्या एक्झो पदार्थाचा आलेख फार देखणा दिसतो: तीन सरळ, न फाटलेल्या रेघा. एंडोमध्ये कोन कमी असतो, रेघा फाटतात. पुस्तकातला नियम लावून निष्पाप मनाने एंडो लिहून मोकळे झालेल्या विद्यार्थ्याला या तीन रेघा थांबवतात.

फसण्याची दुसरी जागा अधिक सूक्ष्म आहे. आपण दाता असलेले डाईन घेतले होते. डाईनच्या टोकावरही ओढणाराच गट असला तर? २,४-पेंटाडाईनोइक आम्लात १ या टोकावर आम्लगट असतो. तो ॲक्रिलिक आम्लाशी जुळतो तेव्हा अर्धा बंध जोडण्याची आपली युक्ती सांगते, की ४ ने आघाडी घेतली तर तूट ओढणाऱ्या गटाशेजारी येईल, हे वाईट. म्हणून गट शेजारी येऊ नयेत. प्रयोगात ते जवळजवळ पूर्णपणे शेजारीच येतात. म्हणजे विद्युतभाराचा साधा हिशेब इथे उलटे उत्तर देतो. जपानमधल्या केनिची फुकुई यांनी १९५२ पासून मांडलेला विचार इथे कामाला येतो: रेणूच्या सर्वांत वरच्या भरलेल्या कक्षिकेचा आकार पाहा आणि ती कोणत्या टोकाला सर्वांत मोठी आहे ते मोजा. आम्लगटाचा दुहेरी बंध डाईनला जोडला गेल्याने ती कक्षिका लांबते आणि तिचा फुगवटा पलीकडच्या टोकाला, म्हणजे ४ ला, अधिक राहतो. ४ ख ला जुळतो आणि गट शेजारी येतात. याच आम्लांची सोडियमची क्षारे घेतली तर दोन्ही रेणूंवर ऋणभार येतो, ते एकमेकांना दूर ढकलतात, आणि दोन्ही पदार्थ निम्मे-निम्मे मिळतात. १९८१ चे नोबेल फुकुई यांना रोआल्ड हॉफमन यांच्याबरोबर मिळाले ते अशाच कामांसाठी.

या सगळ्याचा एकत्र उपयोग करून दाखवला तो रॉबर्ट बर्न्स वुडवर्ड यांनी. १९५१ च्या सुमारास हार्वर्डमध्ये ते स्टेरॉइडचा सांगाडा प्रयोगशाळेत उभारत होते. त्यांनी ब्युटाडाईनसमोर एक क्विनोन ठेवले. या क्विनोनला दोन दुहेरी बंध: एकावर मिथाइल, दुसऱ्यावर मेथॉक्सी. डाईन कोणत्या बंधावर जाणार? मेथॉक्सी आपल्या बंधाला इलेक्ट्रॉन पुरवतो, त्याची भूक भागवतो. मिथाइल फारसे देत नाही. म्हणून डाईन मिथाइलवाल्या बंधावर गेले, आणि वुडवर्ड यांना तेच हवे होते. स्टेरॉइडमध्ये दोन कड्यांच्या सांध्यावर मिथाइल गट लागतो आणि तो बरोबर त्याच जागी बसला.

एकच गोष्ट उलटी होती. क्विनोनचा बंध कड्यात असल्याने त्यावरचे मिथाइल आणि हायड्रोजन एकाच अंगाला असतात, आणि पक्क्या तत्त्वाने ते कड्यातही एकाच अंगालाच आले. स्टेरॉइडला ते विरुद्ध अंगाला हवे होते. पण सांध्यावरचा तो हायड्रोजन कीटोनच्या शेजारी होता, म्हणजे अल्कलीने काढून पुन्हा लावता येण्याजोगा. वुडवर्ड यांनी पदार्थ अल्कलीत विरघळवला, त्यात हव्या त्या रूपाचा एक बीजस्फटिक टाकला आणि मग आम्ल घातले. दुसऱ्या अंगाला हायड्रोजन असलेला पदार्थ स्फटिक होऊन खाली बसला, आणि ते पुढचे कडे जोडायला लागले.